निमुळत्या तोंडाच्या स्टीलच्या थर्मासमधला चहाचा राप आणि वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वहिनी नर्स आहेत. रात्रपाळीला जाताना पाऊण लिटरच्या थर्मासमध्ये आल्याचा दुधाचा चहा भरून नेतात, सकाळी रिकामा थर्मास घेऊन येतात. घरचं पाणी बोअरचं. दीड वर्षात त्या थर्मासची आतली बाजू नव्या मडक्यासारखी तपकिरी झाली. साधं गरम पाणी भरलं तरी त्याला शिळ्या चहाचा वास यायचा. तोंड जेमतेम चार सेंटिमीटर, त्यामुळे हात आत जात नाही. तो थर्मास मी दोन दिवसांत पुन्हा चकचकीत केला. तेव्हापासून नात्यातले आणि शेजारचे मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. खाली जिथे 'वहिनींचा थर्मास' म्हटलंय, तो हाच.

हा तपकिरी थर नेमका कशाचा असतो? रोज साबणाने धुऊनही का चढतो?

चहाच्या पत्तीत टॅनिनच्या जातीची द्रव्यं असतात. गरम चहा हवेच्या संपर्कात राहिला की ती काळपट होत जातात आणि पाण्यातल्या कॅल्शियमला धरून भांड्याला चिकटतात. कपातला चहा थोडा वेळ तसाच राहिला की वर जी चकाकणारी साय धरते, ती याच प्रकारची. १९९३ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मायकेल स्पायरो आणि देओग्रेशिअस जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी या सायीचा अभ्यास केला होता. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असेल तरच ती धरते आणि चहा आंबट केला तर धरत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणूनच लिंबू पिळलेल्या चहावर साय येत नाही, आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात थर्मास लवकर काळा पडतो.

आपला चहा दुधाचा असतो, त्यामुळे दुधातली स्निग्धता आणि प्रथिनंही त्यात मिसळतात. म्हणजे थर्मासच्या आत खरं तर तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. सगळ्यात वर दुधाचा तेलकट, किंचित बुळबुळीत थर. त्याखाली चहाचा राप. आणि अगदी खाली, विशेषतः बुडाशी, पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर. भांड्याच्या साबणाने फक्त पहिला थर निघतो. राप साबणाला दाद देत नाही, म्हणून रोज धुतलं तरी तो वाढतच जातो.

मग ब्रशने घासून निघणार नाही का?

थोडाफार निघतो, पण निमुळत्या तोंडातून ब्रश जिथे सरळ पोचतो तिथलाच. मानेच्या लगेच खाली बाटली जिथे रुंद होते, त्या खांद्याच्या आतल्या वळणाला ब्रशचे केस टेकतच नाहीत. बुडाच्या कडेच्या खोबणीचंही तसंच. वहिनी आठवड्यातून एकदा लांब दांड्याच्या ब्रशने घासायच्या, तरी टॉर्च मारून पाहिलं तेव्हा मधला भाग फिका आणि खांदा गडद काळा होता.

तारेची घासणी चिमट्यात धरून आत फिरवू नका. तिचे लोखंडी कण स्टीलवर अडकतात आणि चार दिवसांत त्यांना गंज चढतो. ओरखडे पडले की पुढचा राप त्यातच आधी धरतो. साध्या ब्रशच्या टोकाला उघडी तार असेल तर तीही बुडाला ओरखडे पाडते. टोकाला प्लॅस्टिकचं बोंड किंवा केसांचा झुबका असलेलाच ब्रश घ्या.

या कामाला जोर लागत नाही, उष्णता आणि वेळ लागतो. आणि थर्मासचं काम तर गरम पाणी गरमच ठेवण्याचं आहे, म्हणून तो स्वतःला साफ करण्याच्या कामी चांगला येतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता?

सोडियम परकार्बोनेट. ही पांढरी, रवाळ पावडर असते. गरम पाण्यात टाकली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा थर सैल करतो, पेरॉक्साइड रापाचा रंग आणि बांधणी दोन्ही तोडतो. काम झाल्यावर उरतं ते पाणी, ऑक्सिजन आणि थोडा सोडा, म्हणून खळबळून धुतल्यावर वास मागे राहत नाही. क्लोरीनचा तर संबंधच नाही, त्यामुळे स्टीलला इजा होत नाही.

ऑनलाइन ती 'सोडियम परकार्बोनेट' याच नावाने मिळते. कपड्यांच्या डागांसाठी बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनवाल्या पावडरींमध्येही हेच असतं, पण त्यात सुगंध, साबण आणि इतर बरंच काही मिसळलेलं असतं. ज्या भांड्यातून प्यायचं आहे त्यासाठी बिनवासाची, साधीच पावडर घ्यावी. डबा कोरड्या जागी ठेवा, ओला चमचा आत घालू नका. ओलावा लागला की पावडर डब्यातच निकामी होत जाते. डबा गच्च बंद असेल तर आत वायूही साठतो.

पावडर मिळत नसेल तर मेडिकलच्या दुकानात कवळी धुण्याच्या गोळ्या मिळतात. त्यांचं काम याच तत्त्वावर चालतं. पाऊण लिटरला दोन गोळ्या आणि गरम पाणी एवढं पुरतं. जुन्या रापाला मात्र दोन-तीन वेळा करावं लागतं.

प्रमाण आणि क्रम नीट सांगा.

वहिनींच्या थर्मासला जे केलं तेच सांगते.

आधी वरचा तेलकट थर काढायचा. तो राहिला तर पुढची पावडर रापापर्यंत नीट पोचत नाही, आणि बहुतेकांचं काम इथेच फसतं. अर्धा थर्मास कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब आणि मूठभर कच्चे तांदूळ घातले. तोंड तळहाताने दाबून दोन मिनिटं गोल-गोल फिरवलं. तांदूळ बुडाच्या खोबणीत आणि खांद्याच्या वळणात जातात, जिथे ब्रश जात नाही. बाहेर ओतलेलं पाणी दुधट, करड्या रंगाचं होतं. साबण पूर्ण निघेपर्यंत धुतलं.

मग थर्मास मोरीत ठेवला. कागदाची पुंगळी करून दीड सपाट पोह्याचा चमचा परकार्बोनेट आत सोडलं. एक लिटरला दोन चमचे या हिशोबाने पाऊण लिटरला एवढंच होतं. उकळी येऊन गॅस बंद केलेलं पाणी पळीने हळूहळू ओतलं आणि वर दोन बोटं जागा सोडली. पावडर आणि राप भेटले की फेस येतो. एका दमात ओतलं तर तो ज्वालामुखीसारखा वर येऊन हातावर सांडतो. झाकण उघडंच ठेवलं.

मिनिटाभरात फेस तोंडापर्यंत चढला आणि बसला. दहा मिनिटांत पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. तीन तासांनी पाणी ओतलं तेव्हा त्यात कांद्याच्या सालीसारखे पातळ तपकिरी पापुद्रे होते. ते ब्रशने न घासता सुटून आले होते.

टॉर्च मारून पाहिलं तर बूड आणि भिंती चकचकीत, पण मानेखाली बोटभर रुंदीचं तपकिरी कडं जसंच्या तसं. कारण सरळ होतं. फेसासाठी दोन बोटं जागा सोडली होती, तिथे पाणी टेकलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्यांदा अर्धा चमचा पावडर घातली, फेस बसू दिला आणि मग गरम पाणी काठोकाठ भरलं. दीड तासात कडंही गेलं. आता मी पहिल्यांदाच पाच मिनिटांनी, फेस ओसरला की काठोकाठ भरते. दुसरी फेरी वाचते.

झाकण लावून हलवलं तर लवकर होणार नाही का?

नाही. हे अजिबात करू नका. परकार्बोनेटमधून ऑक्सिजन सुटत असतो, आणि गरम पाण्यातल्या खायच्या सोड्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकण घट्ट असेल तर आत दाब वाढतो. मग झाकण उघडताना ते उडतं आणि गरम, खारं पाणी तोंडावर येतं. पावडर असलेलं पाणी डोळ्यात गेलं तर साध्या पाण्याने बराच वेळ धुवावं लागतं, हातालाही ते कोरडं आणि चुणचुणीत वाटतं. रबरी हातमोजे घाला. मुलं घरात असतील तर भिजत ठेवलेला थर्मास त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. बाहेरून तो पाण्याच्या बाटलीसारखाच दिसतो.

घरात फक्त खायचा सोडा आहे. चालेल?

राप महिन्या-दोन महिन्यांचा असेल तर चालेल. लिटरला तीन पोह्याचे चमचे सोडा, वर उकळतं पाणी, आणि रात्रभर उघडा ठेवा. खायचा सोडा एरवी मवाळ असतो. पण उकळत्या पाण्यात त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि पाणी जास्त अल्कधर्मी होतं. म्हणून गार पाण्यात सोडा घालून काही घडत नाही आणि उकळत्या पाण्यात घातला की फरक दिसतो. सकाळी तांदूळ टाकून हलवलं की सैल झालेला राप निघतो. वर्षभराचा राप मात्र सोड्याने फिका होतो, जात नाही.

धुण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो आणि तो जास्त जोरदार आहे. लिटरला एक चमचा पुरे. तो खायचा नाही, म्हणून नंतर तीन-चार वेळा धुवा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकल्यावर जोरात फसफसतं. तो उपाय चांगला नाही का?

फसफस होते ती सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात म्हणून. फेस ओसरल्यावर बाटलीत मुख्यतः पाणी आणि सोडियम अॅसिटेट उरतं, आणि ते रापाला काहीच करत नाही. फेसाच्या धक्क्याने एखादा सैल पापुद्रा निघतो आणि काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. दोन्ही चांगली साधनं आहेत, पण एका वेळी एकच वापरायचं. सोडा किंवा परकार्बोनेट रापासाठी, आम्ल क्षारांसाठी. मध्ये स्वच्छ धुवायचं. परकार्बोनेट आणि व्हिनेगर तर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून नाकाडोळ्यांना झोंबणारं द्रव्य तयार होतं.

राप गेला, पण बुडाशी करडा-पांढरा थर राहिला. तो कशाने जातो?

तो क्षारांचा थर. त्यावर परकार्बोनेट चालत नाही, आम्ल लागतं. वहिनींच्या थर्मासमध्ये राप निघाल्यावरच तो दिसला. आधी तो तपकिरीखाली झाकलेला होता. एक पोह्याचा चमचा लिंबूसत्त्व पाऊण लिटर गरम पाण्यात घालून अर्धा तास ठेवलं, मग दोनदा धुतलं. हात घातला नाही, ब्रश लावला नाही, तरी थर गेला. लिंबूसत्त्व नसेल तर निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं गरम पाणी तासभर ठेवा.

बुडाशी नारिंगी ठिपके दिसले तर ते बहुधा पाण्यातल्या लोहाचे किंवा घासणीतून आलेल्या कणांचे असतात. तेही याच लिंबूसत्त्वाने निघतात. निघून पुन्हा त्याच जागी येत असतील आणि काडीने चाचपल्यावर बारीक खळगा लागत असेल, तर तिथे स्टील खरंच खाल्लं गेलं आहे. निळसर-जांभळी झाक दिसली तर घाबरू नका. ती स्टीलवरच्या अतिशय पातळ थरातून प्रकाश परततो म्हणून दिसते आणि घातक नसते.

ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर टाकला तर?

दोन्ही नको. कपड्यांच्या पांढऱ्या ब्लीचमधलं क्लोरीन स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतं, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यानेही तेच होतं, आणि ते प्यायच्या भांड्यात जाऊच नये. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

जाड्या मिठाने घासायचा सल्लाही पुष्कळ जण देतात. मिठाने घासून लगेच धुतलं तर हरकत नाही, पण मिठाचं पाणी रात्रभर भरून ठेवू नका. कारण तेच, क्लोराइड.

आतून आरशासारखा झालाय, तरी वास जात नाही. का?

कारण वास स्टीलमध्ये नसतो, झाकणात असतो. स्टील वास शोषत नाही. वायसर शोषतो.

वहिनींच्या थर्मासचं हेच झालं. आतून टॉर्चने डाग शोधून सापडत नव्हता. गरम पाणी भरून झाकण लावलं आणि तासाने उघडलं, तर तोच शिळा वास. मग झाकण आणि बाटली वेगळी करून वास घेतला. बाटलीला काही वास नाही, झाकणाला भरपूर. झाकणाच्या आतल्या खाचेत पांढरी सिलिकॉनची रिंग होती. ती दीड वर्षात एकदाही काढली नव्हती. लाकडी दातकोरणीने एका बाजूने उचलून काढली, तर खाचेत काळपट, चिकट मळ भरलेला. दुधाचा चहा झाकणाच्या आट्यांवरून तिथे झिरपतो, बाहेर यायला वाट नसते आणि तो तिथेच आंबतो.

वायसर काढायला सुरी किंवा सुई वापरू नका. एक छोटी चीर पडली तरी थर्मास गळू लागतो. काढलेला वायसर आणि झाकणाचे सुटे भाग वाटीत घाला, वर लिटरला दोन चमचे या प्रमाणात परकार्बोनेटचं गरम पाणी ओता आणि दोन तास ठेवा. खाच जुन्या टूथब्रशने घासा. दाबून चहा ओतायचं बटणाचं झाकण असेल तर तेही खोलून पाहा. बहुतेकांचे दोन-तीन भाग सुटे होतात, आणि स्प्रिंगच्या मागे नेमकी घाण साठते. मग एखादा दिवस झाकण आणि वायसर वेगवेगळे वाळू द्या. कोवळं ऊन मिळालं तर उत्तम, पण दुपारच्या कडक उन्हात वायसर आठवडाभर ठेवू नका, तो कडक होतो.

एवढं करूनही वायसरला वास येत असेल तर तो बदलावा. सिलिकॉनमध्ये आल्याचा, वेलचीचा आणि आंबलेल्या दुधाचा वास इतका मुरतो की काही वेळा तो निघतच नाही. पुष्कळ कंपन्या वायसर सुटा विकतात. भांड्यांच्या दुकानात जुना वायसर नेऊन मापाचा मिळतो का पाहा. जाडी थोडी जरी कमी असली तरी गळती होते.

रात्रभर राहिलेला चहा आंबला, फार वाईट वास येतोय. आता?

आधी कोमट पाण्याने दोन-तीनदा खळबळून आंबलेलं सगळं काढा. मग साबण आणि तांदूळ, मग परकार्बोनेट, वर सांगितलेल्या क्रमानेच. वायसर वेगळा करायला विसरू नका, अशा वेळी सगळ्यात जास्त वास तिथेच असतो. परकार्बोनेट नसेल तर खायचा सोडा आणि उकळतं पाणी रात्रभर. वास झाकण्यासाठी अत्तर, लवंग किंवा कापूर टाकू नका. तो वासही वायसरमध्ये बसतो आणि दोन्ही मिळून आणखी वाईट होतं.

दुधाचा चहा ६० अंशांच्या खाली आला की त्यात जिवाणू झपाट्याने वाढू लागतात. उकळल्यानंतरही काहींची बीजाणूंच्या रूपातली अवस्था टिकून असते, म्हणून 'उकळलेला आहे, काही होत नाही' हे खरं नाही. वहिनी आता कोरा चहा आणि दूध दोन वेगळ्या छोट्या थर्मासांत नेतात. रात्री दोनला चहा पाहिजे तेव्हा तो ताजा लागतो आणि चहाच्या थर्मासमध्ये दुधाचा थरच बसत नाही.

आतून काचेचा जुना थर्मास आहे. त्याला हेच करायचं?

तांदूळ, ब्रश आणि हलवणं सगळं वर्ज्य. आतली काच पातळ असते, एका टकरीत फुटते. गार थर्मासमध्ये एकदम उकळतं पाणीही नको. आधी कोमट पाणी, मग गरम. परकार्बोनेट किंवा सोडा भिजत ठेवण्याइतकंच करायचं. काम तितकंच चांगलं होतं, फक्त खालचा गाळ हलवून काढता येत नाही, म्हणून दोन-तीनदा भरून ओतावं लागतं.

पाण्याच्या साध्या बाटलीत चहा भरत नाही, तरी कुबट वास येतो. तो का?

तिथे राप नसतो. आतल्या भिंतीला एक पारदर्शक, बुळबुळीत थर असतो. लांब काडीला कापूस गुंडाळून आत फिरवा, कापूस हाताला बुळबुळीत लागेल. पाणी संपल्यावर झाकण लावून बाटली तशीच बॅगेत राहते, ओलावा आत कोंडतो आणि त्यात जिवाणू वाढून हा थर धरतो. तांदूळ आणि साबण, मग सोडा आणि गरम पाणी, मग पूर्ण वाळवणं, एवढ्याने काम होतं. नळीवाली बाटली असेल तर नळीसाठी वेगळा पातळ ब्रश घ्या. नळीच्या आत काळे ठिपके दिसू लागले तर नळी बदला.

एक गोष्ट मात्र तपासा: बाटली अॅल्युमिनिअमची तर नाही ना? ती हाताला बरीच हलकी लागते. अॅल्युमिनिअमला सोडा आणि परकार्बोनेट दोन्ही खातात, आतून काळं पाडतात. तांब्याच्या बाटलीलाही यातलं काही लावू नका.

थर्मास गॅसवर ठेवून आतलं पाणी उकळलं, किंवा डिशवॉशरमध्ये टाकला तर?

दुहेरी भिंतीचा थर्मास गॅसवर कधीच ठेवू नये. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, ती बुडाशी बंद केलेली असते. थेट आचेने तो जोड निकामी होतो, बूड फुगू शकतं, आणि पोकळी गेली की चहा तासाभरात गार. आचेवर ठेवलेला बंद थर्मास फुटण्याचाही धोका असतो. डिशवॉशरचं म्हणाल तर कंपनीने स्पष्ट सांगितलं असेल तरच. पाणी वेगळ्या पातेल्यात उकळून आत ओतायचं.

पोकळी आधीच गेली असेल तर कसं कळतं? उकळतं पाणी भरा आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. एखादी जागा किंवा सगळंच अंग गरम लागलं तर पोकळी गेली. हलवल्यावर भिंतींच्या मध्ये पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर आत पाणी शिरलंय. असा थर्मास कितीही घासला तरी वास परत येतो, कारण ती जागा धुताच येत नाही. तो टाकावा.

पुन्हा राप चढू नये म्हणून रोज काय करायचं?

चहा संपला की तिथल्या तिथे अर्धा कप पाणी टाकून खळबळायचं, मग ते पिण्याचं पाणी असलं तरी. ओला राप पाण्याने जातो, वाळलेला जात नाही. घरी आल्यावर साबण आणि कोमट पाणी, मग उपडा न ठेवता तिरका ठेवून वाळवायचा. सपाट ओट्यावर निमुळत्या तोंडाचा थर्मास उपडा ठेवला तर वाफ आतच कोंडते. भांड्यांच्या जाळीवर ठेवलात तर उपडा चालेल. वाळला तरी झाकण लावून कपाटात ठेवायचं नाही. झाकण शेजारी, वायसर झाकणात, पण झाकण उघडं.

आठवड्यातून एकदा वायसर काढून धुवायचा. दोन आठवड्यांनी खायचा सोडा आणि उकळतं पाणी तासभर. एवढं केलं तर परकार्बोनेट वर्षातून दोनदाच लागतं. चहासाठी बोअरऐवजी फिल्टरचं पाणी घेतलं तर राप आणि क्षार दोन्ही बरेच कमी होतात, हे वहिनींच्या थर्मासमध्ये सहा महिन्यांत स्पष्ट दिसलं.

नीट धुतला गेला आहे हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी आधी. मोबाइलचा टॉर्च तोंडावर थोडा तिरका धरा. सरळ धरला तर आतलं चकाकतं आणि डाग दिसत नाहीत. खांद्याचं वळण आणि बुडाची कड पाहा. मग पांढरा कापूस काडीला गुंडाळून आतून फिरवा. तो पांढराच बाहेर यायला हवा.

शेवटची परीक्षा वासाची. उकळतं साधं पाणी भरून झाकण लावा, दोन तासांनी उघडून लगेच वास घ्या आणि ते पाणी कपात काढून कोमट झालं की एक घोट प्या. कोमट पाण्याला चव आणि वास लगेच कळतो. सोड्याची खारट-साबणासारखी चव आली तर अजून दोनदा धुवा. चहाचा वास आला तर बाटलीकडे नाही, वायसरकडे बघा.